दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेवरचे स्थिर तरंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो आणि राहतो मिरजेत. त्यामुळे प्रश्न दोन्हीकडून येतात. मुलं सोनोमीटरचं प्रात्यक्षिक करताना अडतात, आणि गाणं शिकणारे तंबोऱ्याबद्दल विचारतात. प्रश्न एकाच गोष्टीचे असतात, म्हणून उत्तरंही एकत्र लिहिली आहेत. बहुतेक ठिकाणी उदाहरणाला एकच तार घेतली आहे: काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोडीची पोलादी तार. घोडीपासून खुंट्यांखालच्या पट्टीपर्यंत तिची वाजणारी लांबी ९० सेंटिमीटर, जाडी ०.३० मिलिमीटर.

१. तार तर जोरात हलताना दिसते. मग तरंगाला ‘स्थिर’ का म्हणायचं?

तार हलते, पण आकृती पुढे सरकत नाही, म्हणून. अंगणात वाळत घातलेल्या दोरीला एका टोकाला झटका दिला की एक उंचवटा पळत पळत दुसऱ्या टोकाला जातो. तो पुढे जाणारा तरंग. छेडलेल्या तारेत असे तरंग दोन्ही दिशांनी एकाच वेळी धावत असतात, कारण टोकाला पोचलेली लाट तिथून परत फिरते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींवर पडून जी बेरीज होते, तिच्यात काही बिंदू कायम शांत राहतात आणि काही बिंदू सर्वांत जास्त हलतात. ही शांत-अशांत जागांची मांडणी जागची हलत नाही. सूत्रात लिहायचं तर

y = 2A sin(kx) cos(ωt)

यात x आणि t वेगवेगळ्या कंसांत आहेत हे बघा. कुठे किती हलायचं हे sin(kx) ठरवतं, केव्हा हलायचं हे cos(ωt) ठरवतं. पुढे जाणाऱ्या तरंगात ही दोन्ही (kx − ωt) अशी एकाच कंसात अडकलेली असतात. परीक्षेत समीकरण देऊन ‘हा तरंग कोणता?’ असं विचारलं, तर एवढंच बघून उत्तर देता येतं.

२. तार हवी ती वारंवारता का देत नाही? ठरावीकच का?

मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, म्हणून याला थोडा वेळ देतो.

तारेवर एक लाट सोडली असं समजा. ती टोकाला जाते. टोक घट्ट बांधलेलं असल्यामुळे तिथे तार हलू शकत नाही, म्हणून लाट उलटी होऊन परत येते. वर असलेला उंचवटा खाली जातो. दुसऱ्या टोकाला ती पुन्हा उलटते. दोनदा उलटली म्हणजे सुलटी झाली. अशी एक पूर्ण फेरी मारून लाट निघालेल्या जागी, निघालेल्या दिशेने, जशीच्या तशी हजर होते. या फेरीत तिने 2L एवढं अंतर कापलेलं असतं, म्हणजे वेळ लागला 2L/v.

आमच्या तंबोऱ्याच्या तारेत लाटेचा वेग सुमारे २४९.५ मीटर प्रतिसेकंद आहे (तो कुठून आला ते प्रश्न ५ मध्ये). एक फेरी १.८ मीटरची. वेळ लागतो ०.००७२ सेकंद. सेकंदाला अशा १३८.६ फेऱ्या होतात, आणि तारेचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आहे. म्हणजे आपण ऐकतो तो सूर लाटेच्या फेऱ्यांची मोजणी आहे.

आता एका फेरीच्या वेळात कंपन एकदा पुरं झालं तर परत आलेली लाट नव्या लाटेशी जुळते. दोनदा, तीनदा, चारदा पुरं झालं तरी जुळते. दीड वेळा झालं तर मात्र ती विरुद्ध पडते, आणि काही फेऱ्यांतच ते कंपन मारलं जातं. म्हणून मूळ वारंवारतेच्या फक्त पूर्ण पटी टिकतात:

f = nv/2L, n = 1, 2, 3, …

३. निस्पंद आणि प्रस्पंद मोजताना टोकं धरायची की नाही?

धरायची. बांधलेली टोकं हे निस्पंदच आहेत. तिथे तार कधीच हलत नाही. मूळ वारंवारतेच्या n पटीच्या कंपनात, म्हणजे n व्या संनादीत, टोकं धरून n + 1 निस्पंद आणि n प्रस्पंद, म्हणजे सर्वांत जास्त हलणारे बिंदू, असतात. ‘टोकं सोडून मधले निस्पंद किती?’ असं विचारलं असेल तर n − 1.

लगतच्या दोन निस्पंदांतलं अंतर अर्धी तरंगलांबी, आणि निस्पंदापासून शेजारच्या प्रस्पंदापर्यंत पाव. मुलं घाईत दोन निस्पंदांतलं अंतर म्हणजे पूर्ण तरंगलांबी धरतात आणि उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं. हाताशी तार नसेल तर वहीत तिसऱ्या संनादीचे तीन फुगे काढा. दोन फुगे मिळून एक तरंगलांबी होते हे डोळ्यांना दिसतं.

४. संनादी आणि अधिस्वर यांत फरक काय? दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत.

संनादी मोजताना मूळ सूर पहिला. अधिस्वर मोजताना मूळ सुराच्या वरचा पहिला. म्हणून पहिला अधिस्वर म्हणजे दुसरा संनादी, दुसरा अधिस्वर म्हणजे तिसरा संनादी. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेत सगळे संनादी हजर असतात, त्यामुळे एकचा फरक कायम राहतो. एका टोकाला बंद असलेल्या हवेच्या नळीत सम संनादी नसतात आणि हा हिशोब बदलतो. तिथलं सूत्र तारेला लावू नका.

५. वारंवारता प्रत्यक्ष कशी काढायची? एक उदाहरण पूर्ण सोडवून द्या.

लागणारी सूत्रं दोनच: v = √(T/μ) आणि f = v/2L. T म्हणजे ताण, न्यूटनमध्ये. μ म्हणजे एक मीटर तारेचं वस्तुमान, किलोग्रॅममध्ये.

आमची तार घेऊ. जाडी ०.३० मिलिमीटर म्हणजे त्रिज्या ०.१५ मिलिमीटर. छेदाचं क्षेत्रफळ πr² = ७.०७ × १०⁻⁸ चौरस मीटर. पोलादाची घनता ७८५० किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरली, तर μ = ५.५५ × १०⁻⁴ किलोग्रॅम प्रतिमीटर, म्हणजे मीटरभर तार जेमतेम अर्ध्या ग्रॅमहून थोडी जड.

तार ओढून तिचा ताण ३४.५ न्यूटन केला आहे. मग T/μ = ६२,१६०, त्याचं वर्गमूळ २४९.३ मीटर प्रतिसेकंद. याला १.८ ने भागलं की १३८.५ हर्ट्झ. काळी एकचा खालचा षड्ज १३८.६ आहे. आकडे तीन अंकांपर्यंत गोल केल्यामुळे शेवटचा फरक पडला.

३४.५ न्यूटन म्हणजे साडेतीन किलोचं वजन लटकवल्यासारखं. चार तारा धरल्या तर तंबोऱ्याची घोडी आणि दांडी दिवसरात्र किती ओढ सोसतात याचा अंदाज येईल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर भोपळ्याच्या तोंडाशी दांडी जोडताना एवढी काळजी का घेतात, त्याचं एक कारण हे.

६. माझं उत्तर दहापट किंवा शंभरपट चुकतं. कुठे बघू?

तीन जागा. μ ग्रॅम प्रतिसेंटिमीटरमध्ये राहिला असेल (तो किलोग्रॅम प्रतिमीटरमध्ये आणायला ०.१ ने गुणा). जाडी त्रिज्या म्हणून वापरली असेल. तसं झालं तर वारंवारता बरोबर निम्मी येते. किंवा लटकवलेलं वजन किलोग्रॅममध्येच T च्या जागी टाकलं असेल, ९.८ ने गुणलं नसेल. मग उत्तर सुमारे ३.१ पट कमी येतं. चुकीचा आकडा बरोबर आकड्याच्या किती पट आहे हे आधी बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच चूक सापडते.

७. सोनोमीटरवर घोड्या बरोबर जागी आणल्या तरी कागदाचा तुकडा उडत नाही. का?

कागदाची इंग्रजी व्हीसारखी बारीक घडी तारेच्या मधोमध ठेवायची, ठोकलेला नादकाटा पेटीवर टेकवायचा आणि घोडी सरकवत लांबी जुळवायची, अशी रीत. लांबी जुळली की कागद थरथरतो आणि उडून पडतो.

उडत नसेल तर पहिला संशय घोडीवर घ्या. ती सरकवताना दोन-तीन मिलिमीटरने पुढे निघून जाते आणि अनुनाद मागेच राहतो. नादकाटा २५६ हर्ट्झचा आणि जुळणारी लांबी २५ सेंटिमीटर असेल, तर लांबी अडीच मिलिमीटरने चुकली की तारेची वारंवारता एक टक्क्याने, म्हणजे सुमारे अडीच हर्ट्झने सरकते. तेवढ्यात कागद शांत बसतो. म्हणून शेवटचा सेंटिमीटर अगदी हळू, नखाने ढकलल्यासारखा न्यायचा.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. त्याच ताणाला तुम्ही घोड्यांतलं अंतर ५० सेंटिमीटर ठेवलं, तरी २५६ हर्ट्झला अनुनाद होतोच. आता तारेचा मूळ सूर १२८ आहे आणि नादकाटा तिचा दुसरा संनादी उठवतो. पण मधोमध निस्पंद आहे, आणि कागद नेमका तिथेच ठेवलेला आहे! तार हलतेय, कागद हलत नाही. तो कागद टोकापासून साडेबारा सेंटिमीटरवर नेऊन ठेवा, लगेच उडतो. मी दरवर्षी हे मुद्दाम करून दाखवतो. तीन कागद ठेवायचे, एक मधोमध आणि एकेक पावावर. बाजूचे दोन्ही उडतात आणि मधला तसाच बसून राहतो. निस्पंद म्हणजे काय हे त्यानंतर कुणी विचारत नाही.

८. आमच्या सगळ्या वाचनांत थोडी थोडी चूक आहे, पण प्रत्येक वेळी वेगळी. प्रयोग फुकट गेला का?

आलेख काढल्याशिवाय तसं म्हणू नका. एका वर्षी आमच्या अख्ख्या तुकडीचं असं झालं होतं. नादकाटा तोच ठेवून वजनं वाढवत लांबी मोजायची होती. वारंवारता कायम असेल तर L² हा ताणाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे L² आणि वजन यांचा आलेख मूळ बिंदूतून जाणारी सरळ रेषा हवी. रेषा सरळ आली, पण मूळ बिंदूतून गेली नाही. वजनाच्या अक्षाला ती उणे अर्ध्या किलोवर छेदत होती. मग लक्षात आलं की वजनं अडकवायच्या आकड्याचं स्वतःचं अर्धा किलो वजन कुणी धरलंच नव्हतं. मलाही ते आधी दिसलं नव्हतं.

दोन किलोला यातून वारंवारतेत सुमारे बारा टक्के फरक पडतो, चार किलोला सहा टक्के. म्हणूनच चूक ‘प्रत्येक वेळी वेगळी’ दिसते. कप्पी घासत असेल तर लक्षणं वेगळी असतात: वजन वाढवत जाताना आणि उतरवत येताना त्याच वजनाला दोन वेगळ्या लांबी मिळतात.

९. खर्जाची तार पितळी आणि जाड का? पोलादीच सैल करून चालणार नाही का?

खर्ज जोडीच्या बरोबर निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झ. लांबी तीच. वारंवारता निम्मी करायची तर ताण चौथाई करावा लागतो, म्हणजे ३४.५ वरून ८.६ न्यूटन. गणितात काही अडत नाही. प्रत्यक्षात अडतं.

३४.५ न्यूटनला आमची तार २.२ मिलिमीटर ताणलेली असते. ८.६ ला ती फक्त अर्धा मिलिमीटर ताणलेली राहील. आता ती मधोमध पाच मिलिमीटर ओढून सोडली तर तिची लांबी आणखी ०.०५६ मिलिमीटरने वाढते. घट्ट तारेत हा ताणातला अडीच टक्क्यांचा फरक आहे, सैल तारेत दहा टक्क्यांचा. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून सैल तारेचा सूर छेडल्याबरोबर पाच टक्के चढा निघेल आणि मग घसरत खाली येईल. पाच टक्के म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. ज्याच्या आधारावर गायचं तो षड्जच असा डगमगला तर गाणार कसं?

उपाय म्हणजे ताण न घटवता μ वाढवणं. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घेतली (घनता सुमारे ८५००) तर μ तिप्पट होतो आणि ६९.३ हर्ट्झसाठी २६ न्यूटन ताण ठेवता येतो.

१०. सकाळी लावलेला तंबोरा दुपारी उतरतो. हे तारेच्या गणितातून निघतं का?

बरंचसं निघतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की पोलाद लांबीच्या दहा हजारांत १.२ भाग एवढं प्रसरण पावतं. ९० सेंटिमीटरला ते ०.११ मिलिमीटर झालं. ऐकायला नगण्य, पण तारेचा सगळा सूर २.२ मिलिमीटरच्या ताणात आहे, आणि त्यातलेच ०.११ सुटले. दांडी जागची हलली नाही असं धरलं तर ताण पाच टक्क्यांनी आणि वारंवारता अडीच टक्क्यांनी घटते: १३८.६ चे १३५ हर्ट्झ. चैत्रातल्या मिरजेत सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक सहज असतो.

प्रत्यक्षात दांडीही थोडी वाढते, म्हणून उतार याहून कमी दिसतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं तेव्हाचा हिशोब निराळा, आणि तो तारेच्या सूत्रात बसत नाही.

याच आकड्यांवरून घोडीमागचा मणी कशासाठी असतो तेही समजतं. एक अर्धस्वर चढवायला या तारेला फक्त ०.२७ मिलिमीटर जास्त ओढावं लागतं. खुंटी थोडी फिरवली तरी त्याहून जास्त तार गुंडाळली जाते. सूर जवळपास आला की खुंटी सोडून मणी सरकवायचा तो यासाठी.

११. तंबोऱ्यात गंधाराची तार नाही. मग गंधार ऐकू कसा येतो?

तो पाचवा संनादी आहे. खर्ज ६९.३ चा. त्याचे संनादी लिहा: १३८.६ सा, २०७.९ प, २७७.२ सा, आणि पाचवा ३४६.५. हा २७७.२ च्या बरोबर सव्वापट आहे, आणि षड्जाच्या सव्वापट म्हणजे शुद्ध गंधार. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो तारेच्या पाचव्या भागाच्या कंपनातून येतो. कुणी लावलेला नसतो.

हार्मोनियमवर हाच गंधार वाजवून बघा. समान अर्धस्वरांत लावलेल्या पेटीचा गंधार ३४९.२ हर्ट्झचा असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन विस्पंद पडतात आणि सूर हेलकावतो. ज्यांना पेटीचा गंधार ‘चढा’ वाटतो, त्यांचे कान बरोबर आहेत.

१२. तार कुठे छेडली यावर काय अवलंबून असतं? वारंवारता बदलते का?

वारंवारता बदलत नाही. कोणता संनादी किती प्रमाणात उठतो ते बदलतं. टोकापासून लांबीच्या p भागावर तार ओढून सोडली तर n व्या संनादीचा आयाम sin(nπp)/n² च्या प्रमाणात असतो. मधोमध छेडलं, म्हणजे p = 1/2, की सगळे सम संनादी शून्य होतात, कारण त्यांचा निस्पंद तिथेच असतो आणि निस्पंदाला ओढून ते कंपन सुरू करता येत नाही. थॉमस यंगने हे १८०० च्या सुमारास दाखवलं.

उलटी युक्तीही करता येते. तार छेडून लगेच मधोमध बोट हलकं टेकवून उचला. जिथे मध्यावर प्रस्पंद होता ती सगळी कंपनं विझतात आणि सम संनादी उरतात. सूर एका सप्तकाने वर ऐकू येतो. बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. तिसऱ्या भागावर टेकवलं तर पंचम निघतो.

१३. पण तंबोरा मधोमध छेडला तरी सम संनादी ऐकू येतात! प्रश्न १२ चं उत्तर चुकलं का?

चुकलं नाही, पण त्यातलं गृहीत तंबोऱ्यात मोडतं. हीच विसंगती सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावरच्या टिपणात मांडली. ज्या संनादीचा निस्पंद छेडण्याच्या जागी येतो तो नसायला हवा, आणि या वाद्यांत तो जोरात असतो.

कारण घोडीत आहे. सोनोमीटरची घोडी धारदार असते. तार एका रेषेवर टेकते आणि तिथेच संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि अगदी किंचित उतरती असते. तार खाली येते तेव्हा घोडीच्या पृष्ठभागावर थोडी जास्त लोळते, वर जाते तेव्हा सुटते. म्हणजे प्रत्येक कंपनात तारेचं टोक मागेपुढे सरकतं, आणि त्या स्पर्शातून ऊर्जा खालच्या संनादींकडून वरच्यांकडे जात राहते. जवारीचा दोरा तारेखाली सरकवून नेमकी हीच स्पर्शाची जागा साधली जाते. दोरा केसभर सरकला की आवाज बोथट होतो किंवा नुसता झणझणतो. जागा सापडली की संनादी एकामागून एक उमलताना ऐकू येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या कौशल्याला ते मिळालं, त्यातलं सर्वांत नाजूक काम मला विचाराल तर हेच: कानाने ऐकत ऐकत घोडीचा उतार घासणं.

परीक्षेत मात्र टोक पक्कं बांधलेलंच धरायचं आणि प्रश्न १२ चं उत्तर लिहायचं.

१४. तारेची तरंगलांबी १.८ मीटर, मग हवेतल्या आवाजाचीही तीच का?

नाही. तारेकडून हवेकडे जाते ती वारंवारता. हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४५ मीटर प्रतिसेकंद (पंचविशीच्या आसपासच्या तापमानाला) धरला, तर १३८.६ हर्ट्झची तरंगलांबी जवळपास अडीच मीटर होते. तारेतला वेग आणि हवेतला वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गणितात दोन्ही v नावाने आले की गोंधळ होतो. त्यांना वेगळी अक्षरं द्या.

१५. संनादी अगदी पूर्ण पटीतच असतात का?

आदर्श तारेत हो. खऱ्या तारेला थोडा ताठरपणा असतो. ती वाकायला विरोध करते, आणि वरच्या संनादीत तार जास्त वेळा वाकत असल्याने तिथे हा विरोध जास्त जाणवतो. म्हणून वरचे संनादी किंचित चढे असतात. आमच्या तारेचा दहावा संनादी १३८६ ऐवजी सुमारे १३८८ हर्ट्झवर येईल. ताण आणि लांबी तीच ठेवली तर हा टक्केवारीतला फरक जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे जाड आणि आखूड तारेत तो कानाला कळतो. लांब आणि बारीक तारेचा तंबोरा या बाबतीत भाग्यवान आहे.

१६. विद्युतचुंबकाने तार हलवून मुख्य पुरवठ्याची वारंवारता काढली, ती ५० ऐवजी १०० आली. शंभर टक्के चूक?

एकही टक्का चूक नाही. तुमची तार पोलादी आहे आणि चुंबक साध्या लोखंडी गाभ्याचा. प्रवाहाच्या एका आवर्तनात चुंबक दोनदा जोर धरतो, एकदा उत्तर ध्रुव होऊन आणि एकदा दक्षिण. पोलादाला दोन्ही वेळा तो ओढतोच. म्हणून ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तार सेकंदाला १०० वेळा ओढली जाते, आणि १०० हर्ट्झला जुळल्यावर अनुनाद देते. पुरवठ्याची वारंवारता काढायला तारेच्या वारंवारतेची निम्मी घ्यायची.

तारेतूनच प्रत्यावर्ती प्रवाह सोडून ती नालाकृती कायमच्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे प्रवाहाची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते, आणि तार ५० हर्ट्झलाच हलते. त्या मांडणीत तारही पितळी चालते. पहिल्या मांडणीत पितळी तार हलणारच नाही. कुठली मांडणी आहे ते वहीत आकृतीसह लिहा. तोंडी परीक्षेत याच फरकावर प्रश्न विचारला जातो.

नालाकृती चुंबक कुठे ठेवायचा हेही लोक विचारतात. प्रस्पंदापाशी. मूळ सुरासाठी मधोमध. दुसरा संनादी उठवायचा असेल तर पावावर. मधोमध ठेवून दुसरा संनादी शोधत अर्धा तास घालवलेल्या मुलांना मी प्रश्न ७ मधले तीन कागद पुन्हा ठेवायला सांगतो.